घरभाडे भत्त्यावरील आयकर सूट

घरभाडे भत्त्यावरील आयकर सूट ही भारतात भाड्याच्या घरात राहणाऱ्या पगारदार व्यक्तीस मिळणारी सवलत होय; मार्च २०२६ पर्यंत ती आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१३ए) अन्वये मिळत असे. नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास ती मिळत नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास किंवा प्रत्यक्ष भाडे न देणाऱ्यासही, वेतनपत्रकात भत्ता दाखवलेला असला तरी, ती लागू होत नाही.

गणना

मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर नियम, १९६२ मधील नियम २ए नुसार तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त ठरत असे: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरणारी रक्कम, आणि घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नई येथे असल्यास वेतनाचे ५० टक्के, अन्यत्र ४० टक्के. येथे ‘वेतन’ म्हणजे एकूण पगार नव्हे, तर मूळ वेतन. सेवाशर्तींनुसार निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता त्यात मिळवतात. शहर ठरते ते घरावरून, कार्यालयावरून नव्हे. त्यामुळे मुंबईत नोकरी करून ठाण्यात भाड्याने राहणाऱ्यास ४० टक्क्यांचीच मर्यादा लागते.

उदाहरण

पुण्यातील एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये, घरभाडे भत्ता १६,००० रुपये आणि घरभाडे १५,००० रुपये आहे, असे मानू. भाड्यातून वेतनाचे दहा टक्के, म्हणजे ४,००० रुपये, वजा केल्यास ११,००० रुपये उरतात. वेतनाचे ४० टक्के १६,००० रुपये होतात. सर्वांत लहान रक्कम ११,००० असल्याने तेवढाच भत्ता करमुक्त राहतो आणि उरलेले ५,००० रुपये करपात्र ठरतात.

हेच घर मुंबईत असते तरी सूट बदलली नसती. या नियमानुसार शहराची मर्यादा आड येण्यासाठी भाडे चार महानगरांत वेतनाच्या ६० टक्क्यांहून आणि अन्यत्र ५० टक्क्यांहून अधिक असावे लागते, शिवाय भत्ताही त्या मर्यादेहून मोठा असावा लागतो. बहुतेक भाडेकरूंच्या बाबतीत निर्णायक ठरते ती दुसरी रक्कमच.

याचा एक अनपेक्षित परिणाम वेतनवाढीच्या वेळी दिसतो. वरील कर्मचाऱ्याचे मूळ वेतन ५०,००० आणि भत्ता २०,००० रुपये झाला, पण भाडे तेच राहिले, तर सूट १०,००० रुपयांवर येते. भत्ता वाढूनही सूट घटते आणि त्याचा करपात्र भाग दुप्पट होतो.

पुरावा

भाडे, वेतन किंवा घराचे ठिकाण वर्षाच्या मध्येच बदलल्यास त्या त्या काळाची गणना स्वतंत्रपणे करावी लागते. मालकाकडे (नियोक्त्याकडे) दावा विहित नमुन्यात करतात. वार्षिक भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास त्यात घरमालकाचा पॅन क्रमांक नोंदवावा लागतो. नियोक्त्याकडे पुरावा देण्याची मुदत हुकल्यास पगारातून जादा कर कापला जातो, मात्र पात्र व्यक्तीस विवरणपत्र भरताना सूट मागून तो परत मिळवता येतो.