सोमवार गायब, मंगळवार दोनदा

पुणे जिल्ह्यातला एखादा दूध वितरक डोळ्यांसमोर आणा. रोज पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी त्याच्या मोबाइलवर विक्रीचा रिपोर्ट येतो. मंगळवारी त्याला रविवारचे आकडे मिळतात. रिपोर्ट एक दिवस मागे असतो, पण त्याची त्याला सवय झालेली आहे. बुधवारी रिपोर्ट थोडा उशिरा येतो आणि त्यावर मंगळवारची तारीख असते. सोमवारचा पत्ताच नाही. गुरुवारी रिपोर्ट वेळेवर येतो, पण पुन्हा मंगळवारचाच.

पहिला संशय साहजिकच डेटा उडाल्याचा येतो. प्रत्यक्षात सोमवारची प्रत्येक पिशवी संगणकात नोंदलेली असते. गडबड असते ती ‘काल’ कुठल्या घड्याळावरून मोजला, याची.

भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर भारतीय वेळेवर चालत नाहीत. ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे असते. त्यामुळे सर्व्हरची मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आपले ५.२५ म्हणजे सर्व्हरचे आदल्या तारखेचे रात्रीचे ११.५५. ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या क्रॉन या व्यवस्थेत ही वेळ अशी लिहिलेली असते:

```
55 23 * * *
```

आता तोच आठवडा सर्व्हरच्या नजरेतून पाहू. आपली मंगळवारची पहाट, पण सर्व्हरकडे अजून सोमवारचे ११.५५. प्रोग्रॅम विचारतो, काल कोणता वार? उत्तर मिळते, रविवार. पुढच्या रात्री आधीचे एखादे काम लांबते, रांग लागते आणि रिपोर्ट सात मिनिटे उशिरा, म्हणजे सर्व्हरच्या १२.०२ ला सुरू होतो. एव्हाना तिथेही बुधवार उजाडलेला. काल कोणता? मंगळवार. सोमवारचा नंबर लागलाच नाही. गुरुवारी पहाटे काम पुन्हा वेळेवर, म्हणजे सर्व्हरच्या बुधवारी ११.५५ ला होते आणि ‘काल’ पुन्हा मंगळवारच येतो. सात मिनिटांच्या एका उशिराने दोन्ही घोळ केले आणि कोडची एक ओळही कुणी बदललेली नव्हती.

रिपोर्टांची संख्या मात्र भरते. आठवड्याला सात यायचे, सातच आले. त्यामुळे नुसते ईमेल मोजणाऱ्याला काहीच खटकत नाही. तारखा ओळीने वाचल्या तरच चूक हाती लागते.

दुसरी खूण आकड्यांतच असते. दुधाचा धंदा पहाटेचा. प्रोग्रॅमने दिवसही यूटीसीप्रमाणे कापला असेल, तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेपाचला संपतो. मग मंगळवारी पहाटे पाच वाजता गेलेल्या पिशव्या सोमवारच्या खात्यात दिसतात. दुकान दहाला उघडणाऱ्या कापड व्यापाऱ्याला हा दोष वर्षभरही जाणवायचा नाही.

अमेरिकेत स्थानिक वेळेवर काम लावणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक भानगड येते. तिथे बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात. त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड मात्र दोनदा वाजतो. काही व्यवस्था हे सांभाळून घेतात. काहींत अडीचचे काम राहून जाते किंवा दीडचे दोनदा होते.

आपल्या वितरकापुरता उपाय सोपा आहे. ‘काल’ विचारताना कुठला प्रदेश, तेही सांगायचे. लिनक्सच्या सर्व्हरवर फरक एवढाच:

```
date -d yesterday +%F
TZ=Asia/Kolkata date -d yesterday +%F
```

दुसऱ्या ओळीला ५.२५ ला विचारा नाहीतर ५.३२ ला, उत्तर तेच येते. शिवाय रोजचा एक दिवसाचा उशीरही टळतो. विक्रीच्या नोंदी निवडतानाही दिवस भारतीय मध्यरात्रीपासूनच धरायला हवा, नाहीतर वर तारीख बरोबर आणि खाली पिशव्या भलत्याच दिवसाच्या.

तरी एक फट उरतेच. सर्व्हर अख्खा दिवस बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम फक्त ‘काल’ पाहील आणि मधला दिवस सुटेल. म्हणून जाणते लोक शेवटची यशस्वी तारीख लिहून ठेवतात आणि तिच्यापुढून कालपर्यंतचे सगळे दिवस ओळीने काढायला लावतात. रिपोर्टच्या माथ्यावर ‘कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या वेळेप्रमाणे’ हेही छापतात.

जुने रिपोर्ट नव्या हिशेबाने पुन्हा काढले की रोजचे आकडे बदलतात. महिन्याच्या बेरजेत मात्र फरक पडतो तो दोन्ही टोकांना. एक तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतची जी विक्री आधीच्या महिन्यात जाऊन बसली होती, ती परत येते आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या पहाटेची विक्री या महिन्यातून वजा होते.