पडद्यावरचा डाव : भाग ४ — सामना ड्राफ्टमध्ये ठरतो का?

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन’ ही ‘डोटा २’ची स्पर्धा झाली. पण चिकलठाण्यात बसून असे सामने पाहणाऱ्याला खेळ समजतो तो मुख्यतः समालोचकाच्या तोंडून. ‘डोटा २’मध्ये सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधार आळीपाळीने काही हिरोंवर बंदी घालतात आणि आपापले पाच हिरो निवडतात. हाच ड्राफ्ट. समालोचक त्यातूनच सामन्याची गोष्ट बांधतात, आणि माझे म्हणणे असे की ती गोष्ट बरेचदा निकालानंतर उलट्या दिशेने विणली जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये शांघायला झालेल्या ‘द इंटरनॅशनल’चा अंतिम सामना घ्या. पहिला डाव टीम लिक्विडने जिंकला, पुढचे तीन ओजीने. चौथ्या डावात ओजीच्या अ‍ॅनाने आयो खेळला. आयो हा नेहमीचा सपोर्ट हिरो. तो साथीदाराशी स्वतःला जोडून घेतो आणि दोघांचा जोर वाढवतो. ओजीने मात्र त्याला कॅरी केले, म्हणजे पैसा आणि शस्त्रे त्याच्याकडे वळवून डाव जिंकून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. ओजी जिंकले आणि सलग दुसऱ्यांदा विजेते ठरले. यावर ‘अनपेक्षित चालीने प्रतिस्पर्धी गारद’ ही गोष्ट सहज शोभते, पण ड्राफ्ट वेगळेच सांगतो. ओजीने त्या स्पर्धेत कॅरी आयो आधीही वापरला होता. लिक्विडला तो ठाऊक होता, त्यावर बंदी घालणे त्यांच्या हातात होते, तरी त्यांनी तो मोकळा सोडला. म्हणजे प्रश्न चकवा बसण्याचा नव्हता. बंद्या मोजक्या असताना कोणता धोका पत्करायचा, याचा होता.

यावर कुणी म्हणेल, ड्राफ्ट कितीही चांगला असला तरी शेवटी हातच खेळतात. खरे आहे. ड्राफ्ट निकाल देत नाही, अटी ठरवतो: या संघाने लवकर दडपण आणले पाहिजे, त्या संघाने कॅरीला शस्त्रे मिळेपर्यंत तग धरला पाहिजे. अट पाळली गेली नाही तर चूक हातांची. पाळूनही हरले तर निवडीची. हा फरक दाखवणे हेच समालोचकाचे काम. दुसरा आक्षेप असा की नव्या प्रेक्षकाला रंगत हवी, हिशेब नको. पण अट आधीच सांगितली तर रंगत वाढतेच, कारण कशाची वाट पाहायची हे प्रेक्षकाला कळते. म्हणून ड्राफ्ट संपताच समालोचकाने दोन्ही संघांची अट एकेका वाक्यात सांगावी आणि सामन्यानंतर त्याच वाक्यांवर परत यावे. तेव्हा ती वाक्ये बदललेली आढळली, तर गोष्ट निकालाला जुळवून घेतली आहे असे समजावे.

(पुढील भागात : बंदी कुणावर आणि का?)