फांदीला लटकलेला घोस

एखाद्या सकाळी अंगणातील आंब्याच्या फांदीला, काल नसलेला मधमाश्यांचा मोठा घोस लोंबताना दिसतो आणि घरातील मंडळी लगेच धुराची भाषा बोलू लागतात. आपण थोडे थांबावे. तो घोस म्हणजे घर शोधणाऱ्या कुटुंबाचा वाटेतला मुक्काम असण्याचा संभव अधिक.

झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या सातेरी माश्यांचे पाहा. फुलोरा भरपूर आला की वसाहत वाढते आणि जागा अपुरी पडते. दाटीमुळे राणीचा गंध सर्व माश्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मग कामकरी माश्या नव्या राण्यांसाठी लांबोळी घरे बांधतात. ती बंद झाली की जुनी राणी बऱ्याचशा कामकऱ्यांसह बाहेर पडते; जुने घर लेकीला मिळते. आपल्याकडे वडीलधारी घर सोडत नाहीत, तिथे मात्र आईच निघते.

निघताना नवी जागा बहुधा ठरलेली नसते. म्हणून थवा जवळच्याच फांदीवर राणीभोवती गोळा होतो. एकमेकींना धरून राहिल्याने ऊब टिकते आणि पोटात भरून आणलेल्या मधावर काही दिवस निघतात. दरम्यान अनुभवी माश्या जागा पाहायला जातात. मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये म्यूनिक येथे अशा थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या धुळीने व काजळीने माखलेल्या दिसल्या. फुलांवरून येणारी माशी परागाने माखते, काजळीने नव्हे; या धुराडी, भिंती धुंडाळून आल्या होत्या. त्यांच्या नाचातून जागेची दिशा व अंतर कळते. चांगल्या जागेसाठी नाच अधिक वेळ चालतो. इतर माश्या स्वतः जाऊन खात्री करतात. एका जागी पुरेशा माश्या जमल्या, की त्या परतून तीक्ष्ण आवाज काढतात, साऱ्या माश्या उड्डाणाचे स्नायू तापवतात आणि घोस सुटतो. यास कधी काही तास, कधी काही दिवस लागतात.

अशा थव्याजवळ पिल्ले नसतात, मधाचा साठाही नसतो. त्यामुळे तो सहसा चवताळत नाही. परंतु आग्या माश्यांचे मोहोळही फांदीलाच लटकते. त्यात माश्यांच्या थराखाली मेणाचे मोठे पोळे असते आणि त्या पाठलाग करून डसतात. स्थलांतर करणाऱ्या आग्या माश्याही पोळ्याविना थांबतात. दुरून फरक ओळखणे कठीण, तेव्हा दगड, धूर, पाणी काहीही नको. त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी, वृद्धांना व मुलांना तिकडे जाऊ देऊ नये आणि दोन-तीन दिवसांत थवा हलला नाही, तर जाणत्या मधपाळास बोलवावे.

डंख झालाच तर काटा नखाने तत्काळ काढावा. उशीर नको, कारण विषाची पिशवी काट्यासोबत राहते. चेहरा वा जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले, किंवा वृद्ध व्यक्तीस अनेक डंख झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असल्यास त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. त्यांतील काहींमुळे अशा वेळी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम कमी होऊ शकतो.