वाळवीच्या आतड्यातील जिवाणू जिवंत कसे मिळवावेत?

वाळवीच्या आतड्याच्या मागील भागातील काही जिवाणूंना प्राणवायू मारक ठरतो. त्यामुळे शेतातच आतडे काढून साध्या बाटलीत भरणे व्यर्थ होय. कामकरी वाळवी जिवंतच, ओलसर माती व लाकडाच्या तुकड्यांसह, हवा खेळत्या डब्यात पाठवावी. या जिवाणूंसाठी वाळवीच्या शरीराहून सोयीचे वाहतूक-पात्र शोधणे कठीण! डबा उन्हात किंवा बर्फात ठेवू नये.

प्रयोगशाळेत आतडे काढून, आधीच प्राणवायूमुक्त केलेल्या द्रवात लगेच कुस्करतात. तो द्रव पोषक आगरावर पसरवून थाळ्या हवाबंद जारमध्ये ठेवतात. अडीच लिटरच्या जारला सहसा एक पुडी पुरते. हल्लीच्या पुष्कळ पुड्यांतील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल प्राणवायू शोषते व कार्बन डायऑक्साइड सोडते. वेष्टन फोडताच ही क्रिया सुरू होते; म्हणून झाकण मिनिटभरात घट्ट लावावे.

आत मिथिलिन ब्लूची पट्टी ठेवावी. प्राणवायू संपला की निळी पट्टी काही तासांत पांढरी होते. दुसऱ्या दिवशीही ती निळीच असेल, तर झाकणाची रबरी कडी गळते आहे किंवा पुडी निकामी आहे, असे समजावे. त्या थाळ्यांवरची वाढ ग्राह्य धरू नये.

जारमध्ये वाढलेला प्रत्येक जिवाणू प्राणवायूद्वेष्टा असतोच असे नाही. काही दोन्हीकडे वाढतात. म्हणून प्रत्येक वसाहतीचा अंश उघड्या हवेतही वाढवून पाहावा. तेथे जो वाढत नाही, तोच खरा विनॉक्सी. मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी मात्र हा जार अपुरा पडतो. त्यांना रॉबर्ट हंगेट यांच्या पद्धतीने प्राणवायूरहित वायू भरलेल्या बंद नळीतच वाढवावे लागते.