लघवीची पिशवी आणि तेच हातमोजे

इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरने वॉर्डातल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा बराचसा भाग एकाच कामाबद्दल आहे: कॅथेटरची पिशवी रिकामी करणं.

चार नंबरच्या पेशंटची पिशवी रिकामी केली आणि तेच हातमोजे घालून पाच नंबरच्या पिशवीचा नळ उघडला, तर जंतू हातमोज्यांवरून थेट दुसऱ्या नळीपाशी पोहोचतात. म्हणून सिस्टर क्रम सांगतात. आधी हात स्वच्छ, मग हातमोजे. प्रत्येक पेशंटला वेगळं भांडं, आणि नळाचं टोक भांड्याला टेकू द्यायचं नाही. काम संपलं की हातमोजे काढून पुन्हा हात स्वच्छ करायचे, मगच पुढचा पेशंट. हॅन्डरब २० ते ३० सेकंद चोळायचा. हात खराब दिसत असतील तर साबण-पाणीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच क्षणांपैकी ‘शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर’चा क्षण इथेच निसटतो, कारण हातमोज्यांमुळे हात स्वच्छच वाटतात.

पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीवर नको. स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर ठेवली, तर लघवी उलटी वाहते.

शेवटी सिस्टर रोजच्या राउंडला विचारायचा प्रश्न देतात: ‘डॉक्टर, कॅथेटर आज काढता येईल का?’ नळी जितके दिवस राहते, तितका संसर्गाचा धोका वाढतो.