भाताचे माप

मुळशीसारख्या, आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकविणाऱ्या तालुक्यात मधुमेही माणसाच्या हाती ‘भात वर्ज्य’ असे फर्मान लिहिलेले आहारपत्रक दिले, तर तो मान डोलावून घरी जातो आणि स्वयंपाकघरातला शिरस्ता पूर्ववत चालू राहतो. त्याऐवजी मसुदा असा असावा: ‘दुपारी भात एक सपाट वाटी, भूक उरल्यास दुसरी वाटी पालेभाजीची किंवा उसळीची.’

वाटी म्हणजे दीडशे मिलिलिटरची, आणि घरोघरी वाट्या निरनिराळ्या असल्यामुळे ती प्रत्यक्ष पाण्याने मोजून घेण्याची सूचना तपशिलात हवीच. शीग लावून भरलेली वाटी सहज दीडपट होते. अशा सपाट वाटीत साधारण ४० ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात बसतो व त्यातून सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके मिळतात. ज्वारीच्या किंवा नाचणीच्या तितक्याच पिठाची पातळ भाकरी या हिशेबात जवळपास त्याच तोलाची. तेव्हा ‘भाताऐवजी भाकरी’ एवढेच लिहिल्यास भाकरी भाताच्या जोडीला येते, म्हणून ‘एक भाकरी घेतली त्या जेवणात भात नाही’ असे स्पष्ट नमूद करावे. हातसडीच्या तांदळालाही हेच माप. त्यात तंतू अधिक, परंतु कर्बोदके विशेष कमी नव्हेत.

माप जुळले की नाही, हे जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनी तपासलेली रक्तशर्करा सांगते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी भात एकाएकी निम्म्यावर आणण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी, अन्यथा साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.