दोन बाजारपेठा, दोन किमती : तृतीय श्रेणीच्या मूल्यभेदाचे गणित व त्याची मर्यादा

‘भेद’ या शब्दास व्यवहारात पक्षपाताचा वास येतो. अर्थशास्त्रात मात्र ‘मूल्यभेद’ ही संज्ञा निंदाव्यंजक नाही. एकाच वस्तूचा खर्च सारखाच असता ती निरनिराळ्या ग्राहकांस निरनिराळ्या किमतीस विकणे, एवढाच तिचा अर्थ होय. ए. सी. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मूल्यभेदाच्या तीन श्रेणी सांगितल्या. त्यांपैकी तृतीय श्रेणीत विक्रेता ग्राहकांचे मन वाचू पाहत नाही. देश, वय, व्यवसाय यांसारख्या एखाद्या बाह्य खुणेवरून तो त्यांचे गट पाडतो आणि प्रत्येक गटासाठी एक किंमत ठरवितो. व्यवहारात आढळणारा मूल्यभेद बहुधा याच श्रेणीचा असतो. पुढे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले.

विद्यापीठातील वाचकांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. इंग्रजी पाठ्यपुस्तक अमेरिकेत एका किमतीस विकले जाते आणि त्याचीच आशियासाठी काढलेली आवृत्ती पुष्कळच कमी किमतीस मिळते. केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी, अशा अर्थाची सूचना छापलेली पुस्तके येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. ही सूचना औपचारिक वाटली, तरी मूल्यभेदाचा सगळा नफा तिच्यावर कसा अवलंबून असतो, हे एका काल्पनिक पण पूर्ण सोडविलेल्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एका प्रकाशकाचे एक पाठ्यपुस्तक आहे असे समजू. एक जादा प्रत छापून पोहोचविण्याचा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, दोन्ही बाजारपेठांत २० डॉलर आहे. किंमत ‘क’ डॉलरांत आणि प्रतींची संख्या ‘न’ शेकड्यांत मोजल्यास दोन्हीकडील मागणी पुढीलप्रमाणे आहे :

स्वदेश : न = १२० − क
परदेश : न = १४४ − २क

स्वदेशात किंमत १२० डॉलर झाल्याखेरीज मागणी शून्य होत नाही. परदेशात ती ७२ डॉलरांसच शून्य होते.

प्रथम दोन्हीकडे एकच किंमत ठेवली असे धरू. एकूण मागणी २६४ − ३क होईल आणि नफा (क − २०) × (२६४ − ३क) इतका. हा नफा क = ५४ असताना सर्वाधिक होतो. स्वदेशात ६६ आणि परदेशात ३६ अशा १०२ शेकडा प्रती खपतात. दर प्रतीमागे ३४ डॉलर सुटत असल्यामुळे नफा ३,४६८ शेकडा, म्हणजे ३,४६,८०० डॉलर होतो.

या स्थितीत प्रत्येक बाजारपेठेतील शेवटच्या प्रतीने प्रकाशकाच्या मिळकतीत किती भर घातली, हे पाहण्यासारखे आहे. या भरीस सीमांत प्राप्ती म्हणतात. जादा प्रत खपविण्यासाठी सर्वच प्रतींची किंमत उतरवावी लागते, म्हणून सीमांत प्राप्ती किमतीहून कमी असते. स्वदेशात ती १२० − २न, म्हणजे येथे उणे १२ डॉलर आहे. परदेशात ती ७२ − न, म्हणजे ३६ डॉलर आहे. याचा अर्थ असा की, स्वदेशातील शेवटची प्रत विकल्याने मिळकत वाढण्याऐवजी घटतच आहे. तीच प्रत परदेशी पाठविल्यास एकूण मिळकत सुमारे ४८ डॉलरांनी वाढेल. मूल्यभेदाचे सारे मर्म या एका स्थलांतरात आहे. जोवर दोन्हीकडील सीमांत प्राप्ती असमान आहेत, तोवर प्रती हलविण्यात लाभ असतो. दोन्ही परस्परांशी आणि सीमांत खर्चाशी समान झाल्या, म्हणजे तो संपतो.

आता स्वतंत्र किमती काढणे सोपे आहे. स्वदेशात १२० − २न = २०, म्हणून न = ५० व क = ७०. परदेशात ७२ − न = २०, म्हणून न = ५२ व क = ४६. दोन्ही स्थितींची तुलना अशी :

| | एकच किंमत | दोन किमती |
|---|---|---|
| स्वदेशातील किंमत (डॉलर) | ५४ | ७० |
| परदेशातील किंमत (डॉलर) | ५४ | ४६ |
| स्वदेशातील खप (शेकडा) | ६६ | ५० |
| परदेशातील खप (शेकडा) | ३६ | ५२ |
| नफा (शेकडा डॉलर) | ३,४६८ | ३,८५२ |

नफा ३८,४०० डॉलरांनी, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. अक्षरजुळणी, संपादन इत्यादींचा स्थिर खर्च येथे धरलेला नाही. तो दोन्ही स्थितींत सारखाच वजा होत असल्यामुळे नफ्यातील फरकावर त्याचा परिणाम होत नाही.

एकूण खप मात्र १०२ शेकडाच राहिला, हेही लक्षात घ्यावे. मागणी सरळरेषेत असून एकच किंमत ठेवली तरी दोन्हीकडे खप होत असेल, तर असे नेहमीच घडते. प्रती वाढल्या नाहीत, केवळ त्यांची वाटणी बदलली. स्वदेशातील ग्राहकांच्या संतोषाधिक्यात ९२,८०० डॉलरांची घट झाली, परदेशातील ग्राहकांच्या संतोषाधिक्यात ३५,२०० डॉलरांची वाढ झाली. प्रकाशकाचा वाढलेला नफा मिळविला तरी एकंदर बेरीज १९,२०० डॉलरांनी उणी येते.

हाच निष्कर्ष मागणीच्या लवचिकतेच्या भाषेतही मांडता येतो. किंमत एक टक्क्याने वाढली असता मागणी जितके टक्के घटते, ती लवचिकता होय. तिला ‘ल’ म्हटल्यास प्रत्येक बाजारपेठेत पुढील अट पूर्ण व्हावी लागते :

क × (१ − १/ल) = सीमांत खर्च

स्वदेशात ७० डॉलर किमतीस लवचिकता १·४ आहे आणि परदेशात ४६ डॉलर किमतीस सुमारे १·७७. दोन्ही ठिकाणी डाव्या बाजूची किंमत २० येते. लवचिकता जेथे अधिक, तेथे किंमत कमी, हा प्रसिद्ध नियम येथून निघतो.

या सूत्राच्या उपयोगात एक चूक वारंवार होते. सरळरेषेतील मागणीची लवचिकता प्रत्येक किमतीस निराळी असते. सूत्रास हवी असते ती नव्या किमतीवरील. चालू किमतीवरील लवचिकता मोजून तीच सूत्रात घातल्यास काय होते पाहा. ५४ डॉलर किमतीस परदेशातील लवचिकता ३ आहे. तिच्यावरून किंमत ३० डॉलर येते, पण खरी किंमत ४६ आहे. स्वदेशातील लवचिकता त्या किमतीस सुमारे ०·८२ आहे. तिच्यावरून किंमत चक्क उणे ९० डॉलर येते! उत्तर असे हास्यास्पद आले, तर चूक तत्काळ ध्यानी येते. ३० डॉलरांसारखे उत्तर मात्र सभ्य दिसते आणि फसविते. म्हणून काढलेली किंमत मागणीच्या समीकरणात पुन्हा घालून तेथील लवचिकता मोजावी व अट पूर्ण होते की नाही हे पडताळावे. लवचिकता एकाहून कमी निघाली, तर ती किंमत मक्तेदारास सर्वाधिक लाभाची असूच शकत नाही.

दुसरा धोका एकच किंमत काढताना असतो. परदेशातील मागणी न = ९६ − २क इतकी दुर्बल आहे असे समजा. दोन्ही मागण्यांची बेरीज करून वरील रीतीने किंमत काढल्यास ती ४६ डॉलर येते आणि नफा २,०२८ शेकडा. पण परदेश सोडून देऊन फक्त स्वदेशात ७० डॉलरांस पुस्तक विकले, तर नफा २,५०० शेकडा होतो. तेव्हा एकाच किमतीची सक्ती असल्यास शहाणा प्रकाशक परदेशी पुस्तक पाठविणारच नाही. मूल्यभेदाची मुभा असल्यास तो तेथे ३४ डॉलरांस २,८०० प्रती विकील व ३९,२०० डॉलर अधिक मिळवील. स्वदेशातील किंमत ७० डॉलरच राहील. पहिल्या उदाहरणात मूल्यभेदाने स्वदेशातील वाचकाची हानी झाली. येथे कोणाचीच झाली नाही. म्हणून मूल्यभेद हितकर की अहितकर याचे एकच सरसकट उत्तर नाही. एकच किंमत ठेवल्यास दुर्बल बाजारपेठ टिकते की बंद पडते, हे आधी पाहावे लागते.

आतापर्यंत दोन बाजारपेठांमध्ये अभेद्य भिंत आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्षात स्वस्त बाजारपेठेतील माल महाग बाजारपेठेकडे झिरपू लागतो. पहिल्याच उदाहरणात किमतींचा फरक २४ डॉलर आहे. एक प्रत परत स्वदेशी आणण्यास १२ डॉलर पडत असतील, तर त्याहून अधिक फरक प्रकाशकास टिकविता येणार नाही. हे बंधन घालून नफा सर्वाधिक करावयाचा, तर स्वदेशात ६२ व परदेशात ५० अशा किमती येतात आणि नफा ३,७५६ शेकडा होतो. एकाच किमतीच्या तुलनेत ही वाढ २८,८०० डॉलर, म्हणजे पूर्ण लाभाच्या तीन चतुर्थांश आहे. फरक निम्म्यावर आला, तरी लाभ पाऊणच राहतो, कारण गमावलेला लाभ उरलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भिंतीस लहानशी भेग पडल्याने फारसे बिघडत नाही. ती कोसळत जाते तेव्हा मात्र अखेरचा प्रत्येक डॉलर अधिकाधिक महाग पडतो.

अशी भिंत कोसळण्याचा प्रसंग अमेरिकेतील एका खटल्याने आणला. सुपाप किर्टसेंग हा थायलंडचा विद्यार्थी १९९७ साली गणिताच्या अभ्यासासाठी अमेरिकेत आला. मायदेशातील आप्तमित्रांकडून तो इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त परदेशी आवृत्त्या मागवी व अमेरिकेत विकी. त्या पुस्तकांवर अमेरिकेबाहेरील ठरावीक प्रदेशांतच विक्रीची अनुज्ञा असल्याची सूचना होती. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने २००८ साली त्याच्यावर स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा लावला आणि ज्यूरीने ६ लक्ष डॉलरांची भरपाई ठरविली. परंतु १९ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय फिरविला. कायदेशीर रीतीने परदेशी छापलेली प्रत एकदा विकली गेली, की तिच्या पुनर्विक्रीवरील प्रकाशकाचा हक्क संपतो, असा त्या निर्णयाचा आशय होता.

निर्णयाने मागणीच्या रेषा बदलल्या नाहीत. दोन्हीकडील लवचिकता पूर्वीइतक्याच भिन्न राहिल्या. बदलला तो एक प्रत परत आणण्याचा खर्च, कारण त्यातील कायद्याचा धोका वजा झाला. वरील उदाहरणात हा खर्च शून्यावर आला, तर परदेशातील किंमत ४६ वरून ५४ वर जाईल आणि तेथील खप ५,२०० वरून ३,६०० प्रतींवर येईल. अमेरिकन विद्यार्थ्यास १६ डॉलर वाचतील, पण परदेशातील १,६०० विद्यार्थ्यांच्या हाती ते पुस्तक येणार नाही. आणि तेथील मागणी दुसऱ्या उदाहरणातल्यासारखी दुर्बल असेल, तर एकही प्रत त्या देशात जाणार नाही. किमती किती असाव्यात हे लवचिकता सांगते. त्या वेगळ्या ठेवता येतील की नाही, हे भिंतीची उंची ठरविते.